ओठाच्या कडेला चुणचुण सुरू झाली की घड्याळ बघा

माझं मेडिकलचं दुकान आहे, आणि उन्हाळ्यात किंवा तापाच्या साथीत काउंटरवर एक हमखास सीन असतो, माणूस तोंडावर रुमाल धरून येतो आणि हळूच म्हणतो "ओठावर लावायला एखादी ट्यूब द्या ना, ताप फुटलाय". रुमाल बाजूला केला की खालच्या किंवा वरच्या ओठाच्या कडेला, जिथे ओठाचा लाल भाग संपून चेहऱ्याची कातडी सुरू होते तिथे, पाण्याने भरलेले बारीक बारीक फोड एकमेकांना चिकटून बसलेले दिसतात. घरच्यांनी निदान आधीच केलेलं असतं, रात्री झोपेत काहीतरी फिरलं, कोळी मुतला, उष्णता झाली, आणि बहुतेक वेळा त्यावर काल रात्री टूथपेस्ट लावून झालेली असते. मी विचारतो, चुणचुण कधी सुरू झाली? उत्तर ठरलेलं, "अहो परवाच जरा टोचल्यासारखं वाटत होतं, पण म्हटलं बघू". या "म्हटलं बघू" मध्येच खरा वेळ गेलेला असतो, म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतोय.

कोळी, पाल, किडा यांचा याच्याशी काही संबंध नाही. हा हर्पिस सिम्प्लेक्स नावाच्या व्हायरसचा प्रकार आहे, बहुतेक वेळा त्याचा टाइप १. हर्पिस हे नाव ऐकून लोक दचकतात, चेहरा पडतो, इकडेतिकडे कोणी ऐकलं का बघतात, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात पन्नाशीच्या आतल्या दर ३ पैकी जवळपास २ माणसांच्या अंगात हा टाइप १ आहे. म्हणजे दुकानाबाहेर रांगेत उभ्या असलेल्यांपैकी अर्ध्याअधिक लोकांकडे तो असणार, फक्त सगळ्यांच्या ओठावर तो फुटत नाही, कित्येकांना आयुष्यभर पत्ताही लागत नाही. लागण बहुधा लहानपणीच झालेली असते, कुणीतरी लाडाने पापी घेतलेली असते आणि विषय संपलेला असतो. त्या पहिल्या वेळी काही मुलांना सणसणीत ताप येतो, हिरड्या सुजतात, तोंडभर फोड येतात, पाणीसुद्धा गिळवत नाही, पण बऱ्याच मुलांना काहीच होत नाही. नागीण मात्र वेगळी, ती कांजिण्यांच्या व्हायरसमुळे होते, दोन्ही एकाच खानदानातले असले तरी दुखणी वेगळी. आणि आपण "तोंड आलंय" म्हणतो ते ओठाच्या आत, गालाच्या आत येणारे पांढरट चट्टे, ते बहुतेक वेळा या व्हायरसचे नसतात आणि एकाचे दुसऱ्याला लागत नाहीत. ओठाच्या बाहेरच्या कडेला, आधी चुणचुण, मग पाणी भरलेल्या फोडांचा झुबका, आणि दर वेळी साधारण त्याच जागी, हे तिन्ही जुळलं की शंका फारशी उरत नाही.

आता तो दर वेळी त्याच जागी का येतो आणि आधी चुणचुण का होते, हे समजलं की औषधाचा सगळा हिशोब आपोआप समजतो. पहिल्या लागणीनंतर व्हायरस अंगातून जात नाही. तो ओठाच्या कातडीतल्या नसेच्या टोकातून आत शिरतो आणि नसेनसेने मागे सरकत कानाच्या पुढच्या बाजूला, कवटीच्या आत तळाशी चेहऱ्याच्या संवेदना नेणाऱ्या नसेची एक गाठ असते तिथे जाऊन बसतो. तिथे तो झोपलेला असतो, म्हणजे स्वतःच्या नकला करणं बंद, त्यामुळे आपली प्रतिकारशक्ती त्याला शोधून संपवू शकत नाही आणि औषधही काही करू शकत नाही. मग काहीतरी निमित्त होतं, कडक ऊन लागतं, ताप येतो, जागरणं होतात, घरात टेन्शन असतं, काही बायकांना पाळीच्या आसपास, कधी डेंटिस्टकडे तोंड ताणून ठेवल्यावर, आणि तो जागा होऊन त्याच नसेने खाली उतरत पुन्हा ओठावर येतो. नस तीच, म्हणून जागाही तीच किंवा शेजारची. आणि तो नसेच्या टोकाशी पोचून गडबड करायला लागतो तेव्हा आपल्याला वर काहीच दिसत नाही पण मुंग्या येतात, खाजतं, जळजळतं, ओठ ताणल्यासारखा, जड झाल्यासारखा वाटतो. ही चुणचुण सगळ्यांना होत नाही, काहींचा थेट फोडच दिसतो, पण ज्यांना होते त्यांना फोड येण्याआधी काही तासांपासून ते एखाद्या दिवसापर्यंतची आगाऊ सूचना मिळालेली असते.

या औषधांचं सगळं गणित या तासांवरच आहे. असायक्लोविर हे मूळ औषध, ज्या टीममध्ये ते तयार झालं त्यातल्या गर्ट्रूड इलायन यांना १९८८ साली नोबेल मिळालं (असली औषधं शोधण्याची जी पद्धत त्यांनी बसवली त्याबद्दल). त्याची करामत अशी की ते व्हायरसच्या डीएनएच्या माळेत ओवला जाणारा खोटा मणी आहे, एकदा तो ओवला गेला की पुढचा मणी बसतच नाही आणि माळ तिथेच तुटते. आणि हा मणी कामाला लावायला व्हायरसचंच एक एन्झाइम लागतं, त्यामुळे ज्या पेशीत व्हायरस नाही तिथे औषध जवळपास गप्प राहतं, म्हणून ते आपल्याला तसं सोसतं. पण बघा, व्हायरस नकला करत असेल तरच खोटा मणी ओवला जाणार. नसेच्या गाठीत झोपलेल्या व्हायरसला याचा काही फरक पडत नाही, म्हणून हे दुखणं कायमचं मुळासकट काढणारं औषध नाही, कोणी तसं सांगून पुड्या विकत असेल तर पैसे वाचवा. आणि ओठावर व्हायरसच्या नकला सगळ्यात जोरात होतात त्या चुणचुणीपासून फोड येईपर्यंतच्या पहिल्या एक-दोन दिवसांत. फोड फुटून खपली धरायला लागली म्हणजे शरीराने लढाई जवळपास जिंकलेली असते, तेव्हा गोळी घेऊन आपण फक्त बिल वाढवतो. ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे त्यांची गोष्ट वेगळी, ती पुढे येईल.

मागच्या मे मधली एक केस सांगतो, कारण त्यात सगळंच आलं. आमच्या गल्लीतली एक मुलगी, लग्न होऊन सांगलीला गेलेली, भावाला मुलगा झाला म्हणून माहेरी यायची होती, त्याआधी नवऱ्याबरोबर तारकर्लीला जाऊन आली. शनिवारी दिवसभर बोटीत आणि किनाऱ्यावर ऊन खाल्लं, रविवारी संध्याकाळी परतीच्या गाडीत खालच्या ओठाच्या डाव्या कडेला चुणचुण सुरू झाली. तिला हे वर्षातून दोन-तीनदा होतं, म्हणजे ओळखीचा पाहुणा. तरी रात्री टूथपेस्ट लावून झोपली. सोमवारी सकाळी तिथे लाल सूज आणि टाचणीच्या डोक्याएवढे चार फोड, दुपारी दुकानात आली आणि म्हणाली काका काहीही द्या, गुरुवारी बारसं आहे, मी आत्या आहे, बाळाच्या कानात नाव मला सांगायचंय.

मला फोडांपेक्षा हे शेवटचं वाक्य ऐकून घाम फुटला. पण आधी औषधाचं सांगतो. गोळ्या चिठ्ठीशिवाय द्यायच्या नसतात, म्हणून तिला कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे पाठवलं, त्यांनी किडनीचा काही त्रास नाही ना, दिवस गेलेले नाहीत ना हे विचारून व्हॅलासायक्लोविर लिहून दिली. हे असायक्लोविरचंच सुधारलेलं रूप, पोटातून जास्त शोषलं जातं म्हणून कमी वेळा घ्यावं लागतं. मोठ्या माणसांना यासाठी एकाच दिवसाचा कोर्स असतो, २ ग्रॅम एकदा आणि १२ तासांनी पुन्हा २ ग्रॅम, संपलं. तिला ५०० मिलिग्रॅमची स्ट्रिप मिळाली म्हणजे एका वेळी ४ गोळ्या, मग रात्री ४, लोकांना ४ गोळ्या एकदम बघून भीती वाटते आणि मनानेच दोन-दोन करून चार दिवस पुरवतात, तसं करू नका, पहिल्या दिवशीचा जोराचा डोसच कामाचा आहे. साधी असायक्लोविर लिहिली तर ती दिवसातून ५ वेळा, ५ दिवस घ्यावी लागते, स्वस्त पडते पण तिसऱ्या दिवशी निम्मे लोक विसरतात. दोन्हीबरोबर पाणी भरपूर प्यायचं आणि किडनीचा पेशंट असेल तर डोस डॉक्टरांनी कमी करून द्यावा लागतो, म्हणून शेजारणीच्या उरलेल्या स्ट्रिपवर भागवायचं नाही.

अपेक्षाही वाजवी ठेवा. वेळेत घेतलेल्या गोळीने दुखणं साधारण एका दिवसाने कमी होतं. ट्यूबने, म्हणजे ५ टक्के असायक्लोविर क्रीमने, त्याहून कमी, अर्धा दिवस म्हणा. ऐकायला फुसकं वाटेल, पण काही जणांचा अगदी चुणचुणीलाच औषध घेतल्यावर फोड येतच नाही, नुसती लाली येऊन जाते, आणि ज्याला हे वारंवार होतं त्याला तेवढंही पुष्कळ असतं. क्रीम लावायचंच असेल तर ते दिवसातून ५ वेळा, चार-पाच दिवस, कापसाच्या काडीने टेकवून लावायचं, बोटाने चोळायचं नाही. ती काडी पुन्हा ट्यूबला लावायची नाही, फेकायची.

आणि एक ट्यूब अजिबात लावायची नाही, ती म्हणजे घराघरांत फ्रिजच्या दारात पडलेली खाज-गजकर्णाची मिक्स ट्यूब, ज्यात बुरशीचं औषध आणि बरोबर स्टिरॉइड असतं. लावल्यावर तासाभरात लाली कमी दिसते म्हणून लोकांचा तिच्यावर फार जीव, पण स्टिरॉइड तिथली प्रतिकारशक्ती दाबतं आणि व्हायरसला मोकळं रान मिळतं, फोड पसरतात आणि बरे व्हायला जास्त दिवस लागतात. टूथपेस्ट, चुना, तुरटी यांनी कातडी भाजते आणि सुकते, आत व्हायरसचं काही वाकडं होत नाही. फोड सुईने फोडणं तर नकोच, त्या पाण्यात लाखांनी व्हायरस असतात आणि वर नखातली घाण जाऊन पू धरायचा.

मंगळवारी तिचे फोड एकमेकांत मिसळून फुटले, ओली लाल जखम झाली, सगळ्यात जास्त आग याच दिवशी होते आणि सगळ्यात जास्त लागण पसरवणारा दिवसही हाच. या वेळी आराम देणाऱ्या गोष्टी साध्याच आहेत. स्वच्छ फडक्यात बर्फाचा खडा गुंडाळून पाच-दहा मिनिटं टेकवायचा, दिवसातून चार-पाचदा, बर्फ थेट लावायचा नाही. दुखत असेल तर पॅरासिटामोल. जेवणात ठेचा, लिंबू, लोणचं, कैरी, गरम गरम चहा थोडे दिवस बाजूला, ताक-भात, दही-भात बरा. बुधवारी पिवळसर तपकिरी खपली धरायला लागली, मग तिला पातळ थर व्हॅसलिन लावायला सांगितलं, कारण सुकी खपली हसताना, जांभई देताना तडकते, रक्त येतं आणि पुन्हा पहिल्यापासून. खपली नखाने काढायची नाही हे सांगूनही लोक काढतातच, आरशासमोर उभं राहिलं की हात जातोच.

आता बारसं. बाळ १२ दिवसांचं. मोठ्या माणसाच्या ओठावर आठवडाभर त्रास देऊन जाणारा हाच व्हायरस पहिल्या काही आठवड्यांच्या बाळाला लागला तर तो कातडीवर थांबत नाही, मेंदूत, लिव्हरमध्ये, सगळ्या अंगात पसरू शकतो, कारण एवढ्या लहान जीवाची प्रतिकारशक्ती अजून तयार झालेली नसते. हे क्वचित होतं पण झालं तर जीवावर बेततं, आणि वाचलेल्या मुलांनाही आयुष्यभराचा त्रास राहू शकतो. गुरुवारी तिच्या ओठावर खपली होती, फोड नव्हते, घरच्यांचं म्हणणं आता सुकलंय की, गोळ्याही घेतल्या, काय होतंय. पण खपलीच्या खाली ओलावा असतो, ती पडून खाली साधी कोरडी कातडी येईपर्यंत धोका संपला म्हणता येत नाही, आणि गोळीने लागण पसरायची अजिबात थांबते असंही नाही. कानात नाव सांगायचं म्हणजे तोंड बाळाच्या गालापासून दोन बोटांवर, वर प्रत्येक आत्या कुर्रर्र झाल्यावर पापी घेणार म्हणजे घेणारच.

शेवटी तिच्या वहिनीनेच ठामपणे सांगितलं, वन्सं, नाव तुम्हीच ठरवलेलं ठेवू, पण कानात चुलत आत्या सांगेल. ही मास्क लावून पाळण्यापासून लांब बसली, घुगऱ्या वाटल्या नाहीत, फोटो मात्र सगळ्यांत आहे. सासूबाईंचा थोडा मूड गेला म्हणे. जाऊ दे की. पुढच्या मंगळवारी खपली पडली, त्यानंतर बाळाला मनसोक्त घेतलं, फक्त पापी घेऊ नकोस असं मी तरीही म्हटलं, कारण ओठावर काहीही दिसत नसताना अधूनमधून लाळेतून हा व्हायरस थोडा थोडा बाहेर पडत असतो. तान्ह्या बाळाच्या तोंडाची पापी कुणीच घेऊ नये हे खरं तर सरळ आहे, पण आपल्याकडे हे बोलणाऱ्यालाच लोक वाईट ठरवतात. बाळाच्या आईलाच ओठावर हे झालं तर काय, असं बरेच जण विचारतात. दूध पाजायचं, बंद करायचं नाही, फक्त छातीवर फोड नसला पाहिजे, ओठावर मास्क, घेण्याआधी साबणाने हात, आणि पापी नाही.

बाकी घरात पसरू नये म्हणून फार सोवळं पाळायची गरज नाही. हा व्हायरस मुख्यतः कातडीला कातडी आणि लाळेने लागतो, हवेतून उडून येत नाही, अंगाबाहेर फार काळ टिकत नाही, आणि त्याचं बाहेरचं कवच चरबीचं असल्यामुळे साध्या साबणाने तो मरतो. त्यामुळे ताट वेगळं मांडून माणसाला कोपऱ्यात बसवण्यात अर्थ नाही. फोड असेपर्यंत उष्टा ग्लास, चमचा, टॉवेल, लिपस्टिक, लिप बाम, दाढीचं रेझर, आणि हो, सिगारेट-बिडीचा झुरका, एवढं दुसऱ्याला द्यायचं नाही. नवरा-बायकोत चुंबन बंद आणि तोंडाने केलेला सेक्सही बंद, कारण ओठावरचा हाच व्हायरस खाली गुप्तांगाला लागू शकतो, हे कोणी विचारत नाही म्हणून मुद्दाम लिहितोय. फोडाला हात लागला की लगेच हात धुवायचे, तसाच हात डोळ्याला लावायचा नाही, आणि लेन्स वापरणाऱ्यांनी ती थुंकी लावून घालायची सवय असेल तर ती कायमची सोडा. कोल्हापूर-सांगलीकडच्या तालमीतल्या पोरांसाठी वेगळं सांगतो, कुस्तीत गालाला गाल, मानेला मान घासते आणि हा व्हायरस त्यातून अंगावर लागतो, पैलवानांमध्ये हा प्रकार जगभर माहीत आहे, तेव्हा ओठावर किंवा अंगावर ओला फोड असेल तर खपली पडेपर्यंत जोर-बैठका करा, पण जोड धरू नका.

डॉक्टरकडे लगेच पळायचे प्रसंग मोजकेच आहेत. डोळा लाल झाला, दुखतोय, उजेड सहन होत नाही, पापणीवर फोड आलाय, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे, बुबुळावर व्हायरस गेला तर नजर जाऊ शकते आणि अशा वेळी घरातले उरलेले स्टिरॉइडचे ड्रॉप घातले तर प्रकरण आणखी बिघडतं. तान्ह्या बाळाला लागण झाल्याची शंका आणि बाळ दूध ओढत नाही, सुस्त आहे, ताप आहे किंवा अंगावर फोड दिसतोय, तर सकाळची वाट बघायची नाही. केमो चालू आहे, अवयव बदललाय, एचआयव्ही आहे, किंवा अंगावर जुना एक्झिमा आहे आणि त्यावर फोड पसरायला लागले, त्यांच्यासाठी हे किरकोळ दुखणं नाही, आणि त्यांना खपली धरल्यावरसुद्धा गोळी लागू शकते. आणि साध्या तब्येतीच्या माणसाचा फोड दोन आठवडे झाले तरी बरा होत नसेल तर तो कदाचित दुसरंच काही असेल, विशेषतः तंबाखू खाणाऱ्यांनी हे अंगावर काढू नये.

पुढच्या वेळेसाठी दोनच कामं करून ठेवायची. आपलं निमित्त काय आहे ते ओळखायचं, तिचं ऊन होतं, तर सनस्क्रीन असलेला, एसपीएफ ३० किंवा वरचा लिप बाम उन्हात जाण्याआधी आणि खाणं-पिणं झालं की पुन्हा, वर टोपी. यात्रा, वारी, शेतातलं काम, लग्नाची वरात, कुठेही. उन्हाने होणाऱ्यांना याचा फायदा होतो, ज्यांना जागरणाने किंवा तापाने होतं त्यांना यातून फार मिळणार नाही. दुसरं, ओठ ठणठणीत असताना डॉक्टरकडे जाऊन पुढच्या वेळची चिठ्ठी आणि डोस आधीच लिहून घ्यायचा, आणि गोळ्या घरात ठेवायच्या, प्रवासाला जाताना पर्समध्ये. कारण चुणचुण रविवारी संध्याकाळीच सुरू होते, तेव्हा डॉक्टर बंद, आम्ही बंद, आणि सोमवारी दुपारपर्यंत फोड वर आलेला असतो. ज्यांना वर्षातून सहा वेळा किंवा जास्त होतं त्यांना डॉक्टर काही महिने रोज एक छोटा डोसही देतात, त्याने वेळा बऱ्याच कमी होतात, पण गोळी बंद केली की व्हायरस तिथेच असल्यामुळे पुन्हा येऊ शकतं. त्या मुलीने मात्र आठ गोळ्या आणि एक लिप बाम घेतला, गोळ्यांच्या पाकिटावर स्केचपेनने "चुणचुण, लगेच ४, बारा तासांनी ४" असं लिहून घेतलं, आणि जाताना एक्सपायरी किती सालची ते मला दोनदा विचारलं.